शेतीचे यूट्यूब चॅनेल विकताना: किंमत, तपासणी आणि ताबा

प्रश्न: माझे डाळिंब आणि ठिबक सिंचनावरचे मराठी यूट्यूब चॅनेल आहे. चार वर्षे झाली, २.१ लाख सबस्क्रायबर आहेत. गेल्या बारा महिन्यांत ॲडसेन्सचे ६ लाख रुपये बँकेत आले, त्यातले साधारण पाव सरकारी योजनांच्या व्हिडिओंचे. एडिटरला महिना ८ हजार देतो, फिरण्याचा खर्च ३ हजार. कॅमेऱ्यासमोर मीच असतो. आता नोकरीमुळे वेळ मिळत नाही. एक दलाल म्हणतो सबस्क्रायबरमागे ५ रुपये, म्हणजे साडेदहा लाख मिळतील. एक जण ९ लाखांना तयार आहे, २ लाख आधी देतो म्हणतो, पण त्याला जीमेलचा आयडी आणि पासवर्ड हवा आहे. किंमत बरोबर आहे का? आणि चॅनेल दुसऱ्याच्या नावावर करायचे कसे?

उत्तर:

पासवर्ड देऊ नका. बाकीचे सगळे सावकाश ठरवता येईल, पण हा एक निर्णय आजच पक्का करा. त्या जीमेलवर तुमचे चॅनेल तर आहेच, शिवाय फोटो, बँकेचे संदेश, कदाचित डिजिलॉकरला जोडलेला पत्ता आणि तुमच्या पॅनवर उघडलेले ॲडसेन्स खातेही आहे. चॅनेल विकायला यातले काहीही द्यावे लागत नाही.

आधी किमतीचे बघू. सबस्क्रायबरमागे अमुक रुपये हा हिशेब दलालाला सोपा पडतो, पण जाणता खरेदीदार त्यावर पैसे देत नाही. दोन वर्षांपूर्वी ज्याने बटण दाबले तो आज तुमचा व्हिडिओ बघतोच असे नाही. शॉर्ट्समधून आलेले सबस्क्रायबर तर वीस मिनिटांचा छाटणीचा व्हिडिओ सहसा उघडतही नाहीत. विकत घेणारा माणूस पुढच्या दोन-तीन वर्षांत हातात येणारे पैसे विकत घेत असतो, आणि तेही तुम्ही नसताना येणारे. ‘तुम्ही नसताना’ या दोन शब्दांवरच निम्मी किंमत ठरते.

तुमच्याच आकड्यांवर मांडणी करतो. ६ लाखांतले पाव, म्हणजे दीड लाख, योजनांच्या व्हिडिओंचे आहेत. पीएम किसानचा हप्ता कधी येणार, नमो शेतकरी महासन्मानची यादी कशी बघायची, असे व्हिडिओ हप्त्याच्या आठवड्यात धो-धो चालतात आणि महिन्याभराने कुणी विचारत नाही. ते उत्पन्न पुढच्या वर्षी हवे असेल तर पुढच्या वर्षी पुन्हा नवे व्हिडिओ करावे लागतील. म्हणून मी ते किमतीत धरत नाही. उरले साडेचार लाख.

यातून खर्च वजा करायचा. एडिटरचे वर्षाला ९६ हजार, फिरण्याचे ३६ हजार. इथे बहुतेक विक्रेते थांबतात आणि इथेच चूक होते, कारण स्वतःच्या मेहनतीचा पगार कुणीच धरत नाही. तुम्ही बागेत जाता, शेतकऱ्याशी बोलता, कॅमेऱ्यासमोर उभे राहता. खरेदीदाराला त्या जागी कुणीतरी ठेवावेच लागेल. महिन्याला दहा हजारांत शेतीतले कळणारा आणि नीट बोलणारा माणूस मिळेल असे जरा उदारपणेच धरले, तरी वर्षाचे १ लाख २० हजार झाले. एकूण खर्च २ लाख ५२ हजार. हातात राहतात १ लाख ९८ हजार, म्हणजे महिन्याला साडेसोळा हजार.

आता या मासिक नफ्याला किती महिन्यांनी गुणायचे? मी आजवर पाहिलेल्या लहान-मध्यम चॅनेलांच्या व्यवहारांत हा आकडा बहुधा १२ ते ३० असतो. एका चेहऱ्यावर उभे असलेले चॅनेल खालच्या टोकाला जाते. आवाज देऊन किंवा ॲनिमेशनने चालणारे, कुणीही चालवू शकेल असे चॅनेल वरच्या टोकाला जाते. तुमचा विषय टिकाऊ आहे पण चेहरा तुमचाच आहे, म्हणून मी २४ च्या वर जाणार नाही. साडेसोळा हजार गुणिले २४ म्हणजे ३ लाख ९६ हजार.

हाच आकडा दुसऱ्या बाजूने तपासून बघतो. समजा खरेदीदाराने एकही नवा व्हिडिओ टाकला नाही, तर जुने व्हिडिओ किती कमावतील? यूट्यूब स्टुडिओत Analytics मध्ये जाऊन Advanced mode उघडा, व्हिडिओ उत्पन्नाप्रमाणे लावा आणि एक वर्षाहून जुन्या व्हिडिओंची या बारा महिन्यांतली कमाई जोडा. योजनांचे वगळून ती ३ लाख निघाली असे धरू. तेल्या रोग, आंबे बहाराची छाटणी, ठिबकची लॅटरल साफ करणे, असे व्हिडिओ दर हंगामात पुन्हा शोधले जातात, तरी दरवर्षी एक तृतीयांश गळती धरणे बरे. मग पुढच्या वर्षी २ लाख, त्यानंतर १ लाख ३३ हजार, नंतर ८९ हजार, असे तीन वर्षांत सुमारे ४ लाख २२ हजार येतील. पुढे येणारे पैसे आज कुणी पूर्ण भावाने घेत नाही, त्यात जोखीमही आहे. म्हणून या बाजूने किंमत ३ लाखांच्या आसपास येते.

दोन्ही मिळून माझे मत असे की तुमच्या चॅनेलची खरी किंमत ३ ते साडेचार लाख आहे. तुम्ही सहा महिने नव्या माणसाबरोबर महिन्याला दोन व्हिडिओ करून द्यायचे मान्य केले, तर वरच्या टोकाचा किंवा थोडा अधिक भाव मागता येईल, कारण मग प्रेक्षक नव्या चेहऱ्याला हळूहळू स्वीकारतात. खत किंवा ठिबकच्या कंपन्यांकडून प्रायोजकत्वाचे काही मिळत असेल तर ते वेगळे मांडा. तो करार त्यांचा तुमच्याशी आहे, चॅनेलशी नाही, आणि विकल्यावर तो टिकेलच असे कुणी लिहून देत नाही.

एक गोष्ट हिशेब करताना विसरू नका. तुमच्या विषयाला हंगाम आहे. मृग बहाराच्या तयारीत बघणारे वाढतात, दिवाळीच्या आसपास जाहिरातींचे दर वाढतात, जानेवारीत ते खाली येतात. कुणी ‘गेल्या तीन महिन्यांची सरासरी’ म्हणत असेल तर ते कोणते तीन महिने हे आधी विचारा. बारा महिन्यांपेक्षा कमी काळाचा हिशेब दोघांनीही मान्य करू नये.

आता ९ लाखांच्या देकाराकडे या. खऱ्या किमतीच्या दुप्पट द्यायला तयार, तपासणीचा एकही प्रश्न नाही, आणि हवा आहे फक्त आयडी-पासवर्ड. मी अशा माणसाशी पुढे बोललो नसतो. एक शक्यता अशी की २ लाखही येणार नाहीत आणि खाते जाईल. दुसरी शक्यता अधिक वाईट आहे. जुने, विश्वासाचे, लाखभर सबस्क्रायबरांचे चॅनेल घ्यायचे, रात्रीतून नाव बदलायचे आणि त्यावर क्रिप्टो किंवा शेअर दुप्पट करून देण्याचे थेट प्रक्षेपण लावायचे, हा प्रकार चोरलेल्या आणि विकत घेतलेल्या चॅनेलांवर जगभर चालतो. ज्यांचे पैसे बुडतील ते तुमचे शेतकरी असतील, आणि पोलिस पहिल्यांदा येतील ते ज्याच्या फोन नंबरवर ते खाते आहे त्याच्याकडे.

पासवर्ड देण्याने खरेदीदाराचेही नुकसानच होते, हे प्रामाणिक खरेदीदाराला समजावून सांगा. खाते मूळ ज्याने उघडले त्याला ते परत मिळवण्याचे मार्ग गूगल देते. रिकव्हरीचा फोन किंवा ईमेल बदलला तरी पुढचे सात दिवस जुन्या नंबरवर पडताळणीचा कोड मागवण्याची सोय राहू शकते. म्हणजे आज विकून, पैसे घेऊन, परवा खाते परत ओढणारा विक्रेताही असतो. माझ्याकडे असे फसलेले दोन खरेदीदार आले. दोघांकडे फक्त व्हॉट्सॲपवरचे बोलणे होते.

ज्याला खरोखर घ्यायचे आहे तो काय तपासतो ते सांगतो, म्हणजे तुम्ही आधीच तयार राहाल. तो पहिल्यांदा स्क्रीनशॉट नाकारेल, आणि त्याने नाकारलेच पाहिजेत, कारण उत्पन्नाचा खोटा स्क्रीनशॉट बनवायला दोन मिनिटे पुरतात. त्याला स्टुडिओ स्वतः बघू द्या. Settings मध्ये Permissions आहे, तिथून त्याच्या ईमेलला Viewer ही भूमिका द्या. त्याला सगळे आकडे, उत्पन्नासकट, दिसतील पण काही बदलता येणार नाही. बोलणी अजून कच्ची असतील तर Viewer (limited) द्या, त्यात उत्पन्न दिसत नाही. बोलणी फिसकटली की त्याच दिवशी ती भूमिका काढून टाका.

आत आल्यावर तो बघणारे कुठून येतात हे पाहील. शोधातून आणि सुचवलेल्या व्हिडिओंतून येणारे प्रेक्षक हे चांगले लक्षण आहे. एखाद्या महिन्यात सबस्क्रायबरांचा कडा उभा राहिला असेल आणि त्या महिन्यात पाहण्याचे तास मात्र तेवढेच असतील, तर ते विकत घेतलेले किंवा ‘तू माझे कर, मी तुझे करतो’ या पद्धतीने आलेले आहेत हे लगेच कळते. मराठी शेतीच्या चॅनेलवर महाराष्ट्राबाहेरचे, भाषा न कळणाऱ्या देशांतले प्रेक्षक दिसले की तोच संशय. स्टुडिओतला महिन्याचा आकडा आणि बँकेत आलेली रक्कमही तो जुळवेल. महिन्याचे उत्पन्न पुढच्या महिन्यात पक्के होते आणि २१ ते २६ तारखेच्या दरम्यान निघते, त्यामुळे जूनची रक्कम जुलैच्या पासबुकात शोधायची. हे न कळल्याने उगाच संशय येतो, म्हणून आधीच तक्ता करून द्या.

स्ट्राइक तर सगळेच बघतात. ९० दिवसांत तीन झाल्या तर चॅनेल जाते हे आता सर्वांना ठाऊक आहे. पण हक्काचे दावे, म्हणजे Content ID चे क्लेम, फार कमी लोक बघतात. मीही एकदा बघितले नव्हते. अभंगांचे एक चॅनेल होते, सुंदर चालणारे, एकही स्ट्राइक नाही. खरेदीदाराच्या वतीने तपासणी माझ्याकडे होती आणि मी हिरवा कंदील दिला. तुकोबांच्या शब्दांवर कुणाचा कॉपीराइट नाही हे खरे, पण चाल आणि ध्वनिमुद्रण कुणाचे तरी असते. व्यवहारानंतर दोन महिन्यांनी सर्वांत जास्त कमावणाऱ्या चौदा व्हिडिओंवर ध्वनिमुद्रणाचे दावे आले आणि त्यांचे उत्पन्न दावेदाराकडे वळले. त्यातल्या काही व्हिडिओंवर त्याआधीही असे दावे येऊन वाद होऊन सुटलेले होते. विक्रेत्याला ते माहीत होते. मी त्याला विचारलेच नव्हते. त्या खरेदीदाराचे जे पैसे गेले त्याची जबाबदारी माझी होती. तेव्हापासून मी Content या पानावर कॉपीराइटचा फिल्टर लावून एकेक नोंद बघतो आणि वर पहिल्या तीस व्हिडिओंतले संगीत कुठून आणले हे लिहून घेतो.

तुमच्या बाबतीत पार्श्वसंगीत यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतले आहे की कुठून उचललेले, हे एडिटरला आजच विचारा. दुसऱ्यांच्या बातम्यांचे तुकडे योजनांच्या व्हिडिओंत वापरले असतील तर ते व्हिडिओ विकण्याआधीच काढून टाकलेले बरे. ‘पुनर्वापर केलेला मजकूर’ या कारणावरून पूर्ण चॅनेलचे उत्पन्न बंद होऊ शकते, आणि ते मालक बदलल्यावर झाले तर भांडण तुमच्याशी होईल.

हस्तांतराची खरी वाट आता सांगतो. यूट्यूबच्या Permissions मधून माणसे कामाला लावता येतात, पण मालकी देता येत नाही. मालकी बदलते ती ब्रँड अकाउंटमधून, म्हणजे एकाहून जास्त मालक ठेवता येतील अशा गूगलच्या खात्यातून. तुमचे चॅनेल ब्रँड अकाउंटवर आहे की थेट वैयक्तिक जीमेलवर, हे आधी इथे बघा:

```
myaccount.google.com/brandaccounts
youtube.com/account_advanced
```

पहिल्या पानावर तुमच्या चॅनेलचे नाव दिसले तर ते ब्रँड अकाउंटवर आहे, आणि एक मोठी पायरी वाचली. नाही दिसले तर एक रिकामे, नवे चॅनेल तयार करा, ते ब्रँड अकाउंटवर बनेल, आणि दुसऱ्या पानावरून जुने चॅनेल त्यावर हलवा. इथे श्वास घेऊन वाचा. हलवताना ज्या चॅनेलच्या जागी तुमचे चॅनेल येते, त्या चॅनेलवरचे सगळे कायमचे पुसले जाते. म्हणून लक्ष्य म्हणून निवडलेले चॅनेल रिकामेच असले पाहिजे. घरातल्या कुणाचे दुसरे चॅनेल त्याच जीमेलवर असेल तर नाव तीनदा तपासा. हे काम खरेदीदार ठरायच्या आधी, शांतपणे करून ठेवा, आणि नंतर पंधरा दिवस सगळे पूर्वीसारखे चालते आहे ना ते बघा. कामाला जोडलेल्या एडिटरचे अधिकार हलवल्यानंतर पुन्हा द्यावे लागू शकतात.

ब्रँड अकाउंटवर आल्यावर पुढचे असे. वरच्या पहिल्या पानावर Manage permissions मध्ये जाऊन खरेदीदाराच्या जीमेलला Owner म्हणून आमंत्रण द्यायचे. त्याने ईमेलमधून ते स्वीकारले की सात दिवसांचे घड्याळ सुरू होते. सात दिवस Owner राहिल्यावरच त्याला Primary owner करता येते. या काळात प्रमुख मालक तुम्हीच असता. आठव्या दिवशी तुम्ही त्याला Primary owner करता, आणि मग तो तुम्हाला काढून टाकू शकतो. तुमचा पासवर्ड, फोन, फोटो कशालाही हात लागत नाही.

हे सात दिवस दोघांनाही अवघड जातात. Owner च्या हातात भरपूर असते, तो व्हिडिओ पुसू शकतो, नाव बदलू शकतो. म्हणून पैसे पायऱ्यांनी द्यायचे. लाखांतल्या व्यवहाराला मी साधारण असे ठरवतो: करारावर सही होताना दहा टक्के, Owner चे आमंत्रण स्वीकारायच्या आधी चाळीस टक्के, Primary owner बदलण्याच्या दिवशी, दोघे एकत्र स्क्रीनसमोर बसलेले असताना, चाळीस टक्के, आणि उरलेले दहा टक्के पहिला पूर्ण महिना खरेदीदाराच्या ॲडसेन्सवर जमा झाल्यावर. एकमेकांना अजिबात ओळखत नसाल तर मधले ऐंशी टक्के एस्क्रोत, म्हणजे काम पुरे होईपर्यंत तिसऱ्या विश्वासू पक्षाकडे, ठेवा. सगळे बँकेतून. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणे आयकर कायद्याने मना आहे, हे खरेदीदाराला हसत हसत सांगा आणि विषय संपवा.

ॲडसेन्स हस्तांतरित होत नाही. ते खाते तुमच्या नावाचे, तुमच्या पॅनचे, आणि तुमचेच राहणार. खरेदीदाराने स्वतःचे ॲडसेन्स खाते तयार ठेवावे. मग स्टुडिओच्या Earn भागातून चॅनेलला जोडलेले खाते बदलायचे. ही जोडणी ३२ दिवसांतून एकदाच बदलता येते. त्यामुळे चुकीचे खाते जोडले गेले तर महिनाभर खरेदीदाराचे पैसे भलत्याच खात्यात जात राहतील आणि ते मोजून परत मिळवावे लागतील. बदलण्याच्या दिवसापर्यंतची कमाई तुमची, त्यानंतरची त्याची. म्हणून बदल महिन्याच्या १ तारखेला करा, हिशेब स्वच्छ राहतो. त्याने आपली अमेरिकन कराची माहिती, म्हणजे W-8BEN, भरली आहे का हेही आधी बघून घ्या. भारत-अमेरिका करारानुसार अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवरच १५ टक्के कापले जातात. माहिती भरलीच नाही तर जगभरच्या सगळ्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कापू शकतात. पहिल्या महिन्याची रक्कम कमी आली की खरेदीदाराला वाटते आपल्याला खोटे आकडे दाखवले.

करारनामा वकिलाकडून करा, आणि त्याच्याकडे तीन गोष्टी अडून मागा.

पहिली कॉपीराइटची. चॅनेलची चावी दिली म्हणजे व्हिडिओंचा हक्क दिला असे कायद्यात होत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क देणे लेखी आणि सहीनिशी असले पाहिजे. किती काळासाठी हे लिहिले नाही तर ते पाच वर्षांपुरते धरले जाते, आणि कोणत्या प्रदेशासाठी हे लिहिले नाही तर भारतापुरते. यूट्यूब तर जगभर दिसते. खरेदीदार जाणता असेल तर ‘हक्काची पूर्ण मुदत, जगभर’ असे लिहून मागेल, आणि त्याचे ते मागणे रास्त आहे. एडिटर आणि थंबनेल करणारा मुलगा पगारी नोकर नसतील तर त्यांच्याकडूनही एक पानाचे लेखी घ्या की त्यांनी केलेल्या कामावर त्यांचा दावा नाही. ते आता सहज मिळेल. व्यवहाराची रक्कम कानावर गेल्यावर मिळणार नाही.

दुसरी स्पर्धेची. खरेदीदार म्हणेल की तुम्ही दोन-तीन वर्षे डाळिंबावरचे दुसरे चॅनेल काढू नका. करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे धंदा करण्यापासून रोखणारी अट सहसा रद्द ठरते, पण गुडविल, म्हणजे चॅनेलने कमावलेले नाव आणि विश्वास, विकली असेल तर वाजवी मर्यादेत ती चालते. म्हणून करारात ‘गुडविलसह विक्री’ असे शब्द येतात. तुम्ही मात्र मर्यादा नेमकी लिहून घ्या: विषय कोणता, माध्यम कोणते, मुदत किती. नाहीतर उद्या तुम्ही कुणा कृषी कंपनीच्या व्हिडिओत दिसलात तरी नोटीस येईल.

तिसरी तुमच्या चेहऱ्याची. चार वर्षांच्या व्हिडिओंत तुम्ही आहात आणि ते व्हिडिओ आता दुसऱ्याच्या मालकीचे होतील. त्यातला तुमचा आवाज आणि चेहरा कापून औषधाच्या, कर्जाच्या किंवा निवडणुकीच्या जाहिरातीत वापरता येणार नाही, आणि कृत्रिम आवाज किंवा चेहरा बनवून नवे व्हिडिओ काढता येणार नाहीत, असे स्पष्ट लिहा. शेतकरी फवारणीचे प्रमाण तुमच्या शब्दावर ठरवतो. तुमच्या तोंडी कुणी भलतेच औषध घातले तर बाग जळेल त्याची. ही अट न मानणारा खरेदीदार पन्नास हजार जास्त देत असेल तरी सोडून द्या.

ताबा देताना चॅनेलबरोबर काय काय जाते याची यादी करारालाच जोडा: व्यवसायाचा ईमेल, फेसबुक पेज, लोगोच्या मूळ फायली, कच्चे चित्रीकरण. व्हॉट्सॲपच्या गटातले शेतकऱ्यांचे नंबर मात्र विकायची वस्तू नाही. त्यांनी ते तुम्हाला दिले होते. गटात एक संदेश टाका, नव्या गटाची लिंक द्या, ज्याला जायचे तो जाईल. चॅनेलच्या नावाचा ट्रेडमार्क घेतलेला नसेल तर त्यासाठी विक्री थांबवू नका. वर्ग ४१ मध्ये व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४,५०० रुपये आहे. पण नोंदणीला वेळ लागतो, आणि या किमतीच्या व्यवहारात तो खर्च खरेदीदाराने नंतर करावा.

विक्रीच्या पैशावर कर कसा लागेल, तो भांडवली नफा की धंद्याचे उत्पन्न, हे तुम्ही आजवर विवरणपत्रात चॅनेलचे उत्पन्न कसे दाखवले यावर बरेच अवलंबून आहे. करारावर सही करण्यापूर्वी सीएंना भेटा, नंतर नाही. करारातल्या एखाद्या वाक्याने फरक पडतो.

शेवटची सूचना वेळेची. विकायचे ठरले म्हणून आजपासून व्हिडिओ टाकणे थांबवू नका. सहा महिने काहीच टाकले नाही तर यूट्यूब उत्पन्नाची सोय काढून घेऊ शकते, आणि त्याआधीच आलेख खाली जाऊ लागला की खरेदीदार बारा महिन्यांऐवजी शेवटचे तीन महिने दाखवून भाव पाडेल. महिन्याला दोन व्हिडिओ पुरतील, त्यातही योजनांचे नकोत, छाटणी आणि पाण्याचे करा. या महिन्यात ब्रँड अकाउंटचे काम उरका, पुढच्या महिन्यात संगीत आणि दाव्यांची साफसफाई करा, मग बारा महिन्यांचा तक्ता घेऊन बाजारात उतरा. त्या ९ लाखवाल्याला उत्तर द्यायचेच असेल तर एवढेच कळवा की Viewer म्हणून आमंत्रण पाठवतो, आधी आकडे बघा. खरा असेल तर स्वीकारेल आणि भाव खाली आणायला बसेल.